आंतरशालेय प्रश्नमंजूषा, मालवण : अंतिम फेरीची संहिता

(पडदा उघडल्यावर थेट सुरुवात. सत्कार आधीच उरकले आहेत.)

नमस्कार मंडळी! सकाळी अकरा संघ होते, आता उरलेत तीन. माझ्या डाव्या हाताला सुरंगी, मध्ये कोकम, उजवीकडे फणस. पालकांनो, उत्तर ओठांवर आलं तरी गिळून टाका. तुमच्या एका कुजबुजीने यांची सगळी मेहनत वाया जाईल. आणि मुलांनो, चुकीच्या उत्तराला गुण कापले जाणार नाहीत. तेव्हा डोक्यात आलेलं बोलून टाका.

पहिला प्रश्न सुरंगीला, दहा गुणांसाठी. इथून समोर दिसणारा सिंधुदुर्ग. 25 नोव्हेंबर 1664 रोजी महाराजांनी याच्या बांधकामाचा मुहूर्त केला. चहूबाजूंनी खारं पाणी, पण आत तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. एक दूधबाव, दुसरी साखरबाव. तिसरी कोणती?

(वीस सेकंद. मध्ये बोलायचं नाही, घड्याळाकडेही बघायचं नाही. बघितलं की मुलं घाबरतात.)

बरोबर आलं तर : दहीबाव! दहा गुण!

‘तूपबाव’ आलं तर : वा, वाट बरोबर धरलीस. दुधापासून निघालास, फक्त एक मुक्काम पुढे गेलास. कोकम, मधला मुक्काम कोणता? पाच गुणांसाठी.

(कोकमलाही नाही आलं तर फणसला विचारावं. मग सभागृहाला. गावातल्या आज्या नक्की सांगतील.)

आता कोकम. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची मादी वाळूत खड्डा करते, अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. पिल्लांकडे वळूनसुद्धा पाहत नाही. अंड्यातून नर निघणार की मादी, हे मग कशावर ठरतं?

‘गुणसूत्रांवर’ आलं तर : मी माणसाबद्दल विचारलं असतं, तर या उत्तराला पूर्ण गुण दिले असते. तुमचं विज्ञान पक्कं आहे. कासवाची रीत मात्र निराळी. फणस, सांगाल?

उत्तर : वाळूच्या तापमानावर! वाळू जितकी उबदार, तितक्या माद्या जास्त.

(‘उष्णता’, ‘ऊन’, ‘वाळू किती तापते’, सगळं ग्राह्य. शब्दासाठी मुलाला अडवू नये.)

फणसला गंजिफाचा प्रश्न होता, तो बरोबरीसाठी राखून ठेवलाय. त्याऐवजी : कोकण रेल्वेचा सर्वांत लांब बोगदा रत्नागिरी जिल्ह्यात आहे, साधारण साडेसहा किलोमीटरचा. त्याचं नाव?

उत्तर : करबुडे. (इथे रेंगाळू नये.)

आता ‘मी कोण?’ दिवे मंद करा. बजर तिघांसाठी खुला. चार खुणा, वीस, पंधरा, दहा, पाच गुण. प्रत्येक संघाला एकच संधी.

पहिली खूण. मी राजा होतो. इंग्रजांनी माझं राज्य घेतलं आणि बोटीत बसवून मला परक्या मुलखात नेलं. मायदेशी मी परत गेलो नाही.

(थांबावं. मनात आठ आकडे मोजावेत.)

‘बहादूरशाह जफर’ आलं तर : ही खूण त्यांना अगदी चपखल बसते, म्हणून तुझं उत्तर मला फार आवडलं. पण माझ्या हातातल्या कागदावर दुसरं नाव आहे. बजरवरचा हात काढ, पण कान उघडे ठेव, तुझ्या उत्तराकडे आपण परत येणार आहोत.

(कारण इतक्यात सांगू नये, बाकीच्यांना उत्तर फुटेल.)

दुसरी. नव्या गावी मी तीस वर्षं काढली आणि 1916 साली तिथेच देह ठेवला.

तिसरी. त्या गावी माझ्यासाठी वाडा बांधला गेला, 1910 साली. तो आजही उभा आहे, रत्नागिरीत.

चौथी. माझं सिंहासन मंडालेला होतं.

उत्तर : ब्रह्मदेशाचा राजा थिबा! आणि आता जफरवाल्या संघाकडे बघा. जफरना दिल्लीहून रंगूनला नेलं, थिबाला ब्रह्मदेशातून रत्नागिरीला आणलं. एकाच गोष्टीची दोन टोकं, आणि यांनी दुसरं टोक धरलं होतं. टाळ्या यांच्यासाठी!

(सर्वांत जोराच्या टाळ्या इथेच मिळायला हव्यात. स्वतः आधी वाजवाव्यात.)

गुणलेखक सर, बेरीज झाली?

बरोबरी असेल तर : सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाच्या एका संचात पत्ते किती? पाटीवर आकडा लिहा, जवळचा जिंकेल. (120. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा पत्ते. हे गणित पाट्या पाहून झाल्यावर उलगडावं.)

(निकालाआधी तिन्ही संघांना एकत्र पुढे बोलवावं. बाकावर एकटं बसून हरणं जड जातं.)

तिसरा क्रमांक आधी, मग दुसरा. लिफाफा माझ्या हातात आहे. सर, दिवे पूर्ण लावा, मला सगळ्यांचे चेहरे दिसायला हवेत.