विषय: पीएचडी प्रवेशासाठी शिफारसपत्राची विनंती (पहिलं पत्र २५ नोव्हेंबरपर्यंत)

पुणे, १२ ऑक्टोबर २०२५

आदरणीय देशमुख सर,

सा. न. वि. वि.

ऑक्टोबरच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी सुरू असतील, त्यामुळे तुम्ही फिरतीवर असाल हे माहीत आहे. म्हणून फोन न करता सविस्तर लिहिते आहे. सवडीनं वाचा.

पुढच्या ऑगस्टपासून अमेरिकेत जलविज्ञानात पीएचडी करायचं ठरवलं आहे आणि तीन विद्यापीठांत अर्ज करते आहे. प्रत्येक अर्जाला तीन शिफारसपत्रं लागतात. त्यातलं एक तुम्ही द्यावं अशी मनापासून विनंती आहे. जुलै २०२१ ते मार्च २०२४ या काळात अटल भूजल योजनेच्या पुरंदरच्या कामात मी तुमच्या हाताखाली होते. माझं काम विहिरीच्या काठावर उभं राहून पाहिलेले वरिष्ठ तुम्हीच.

बाकीची दोन पत्रं ठरली आहेत. एक पुणे विद्यापीठातल्या माझ्या एमएस्सीच्या गाइड मॅडम देणार आहेत. त्या अभ्यासक्रम, प्रबंध आणि मार्कांबद्दल लिहितील. दुसरं सध्याच्या संस्थेच्या संचालकांचं आहे. भोर-वेल्ह्याकडच्या झऱ्यांच्या पाहणीत मी टीम कशी सांभाळते, हे त्यात येईल. त्यामुळे तुमच्या पत्रात मार्कांचा विषय आला नाही तरी चालेल. शेतातलं काम, नोंदींची शिस्त आणि खडकाची समज याबद्दल बोलू शकणारे तुम्ही एकटेच आहात.

तारखा अशा आहेत:

ऑस्टिनचं टेक्सस विद्यापीठ, जॅक्सन स्कूल ऑफ जिओसायन्सेस: मंगळवार, २५ नोव्हेंबर २०२५.
टक्सनचं ॲरिझोना विद्यापीठ, जलविज्ञान आणि वातावरणशास्त्र विभाग: शुक्रवार, ५ डिसेंबर २०२५.
रीनोचं नेवाडा विद्यापीठ, जलविज्ञानाचा पदव्युत्तर कार्यक्रम: सोमवार, ५ जानेवारी २०२६.

या तारखा मी मुद्दाम आठ-दहा दिवस आधीच्या धरल्या आहेत. विद्यापीठांच्या खऱ्या अंतिम तारखा सोबतच्या तक्त्यात आहेत, पण शेवटच्या दिवसाच्या भरवशावर राहू नये असं वाटतं. शिवाय अंतिम वेळ तिथल्या घड्याळाप्रमाणे असते. टक्सनची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडची दुसऱ्या दिवशीची दुपारची साडेबारा, आणि त्यात घोटाळा व्हायला नको. पत्र एकदा तयार झालं की तिन्हीकडे तेच चालेल, फक्त विद्यापीठाचं आणि विभागाचं नाव तेवढं बदलावं लागेल. म्हणजे मुख्य काम नोव्हेंबरातलंच.

पत्र द्यायचं कसं, तेही सांगते. मी अर्जात तुमचं नाव आणि ईमेल भरला की प्रत्येक विद्यापीठाकडून तुम्हाला एकेक लिंक येईल. तिच्यावर पीडीएफ अपलोड करायची. माझ्यामार्फत काहीही पाठवायचं नाही. आलेली लिंक कधी कधी स्पॅममध्ये जाते, म्हणून ज्या दिवशी नाव भरीन त्या दिवशी तुम्हाला मेसेज करीन. लिंक उघडल्यावर आधी छोटा फॉर्म येतो: अर्जदाराला किती वर्षं ओळखता, कोणत्या नात्यानं, आणि आजवर हाताखाली काम केलेल्यांच्या तुलनेत ती कुठे बसते. या शेवटच्या प्रश्नात पहिल्या पाच टक्क्यांत, दहा टक्क्यांत अशा चौकटी असतात. तिथे तुम्हाला खरं वाटेल तेच टिक करा.

ईमेलबद्दल एक विचारायचं होतं. निवृत्तीनंतर तुमचा सरकारी ईमेल बंद झाला असेल, तर आता सल्लागार म्हणून जिथे आहात त्या संस्थेचा ईमेल आणि लेटरहेड वापरता येईल का? साध्या जीमेलवरून आलेल्या पत्राची पडताळणी करायला काही ठिकाणी जास्त वेळ लागतो. पत्रात तुमचं आताचं पद आणि आपण एकत्र होतो तेव्हाचं वरिष्ठ भूवैज्ञानिक हे पद, दोन्ही यावीत. पत्र इंग्रजीत हवं, साधारण दीड पान, खाली सही. माझं नाव फॉर्मवर पासपोर्टप्रमाणे अश्विनी तुकाराम जगताप असं तीन शब्दांत आहे. स्पेलिंग तक्त्यात दिलं आहे.

आता एक गोष्ट स्पष्टच लिहिते. 'तूच मसुदा करून आण, मी सही करतो' ही पद्धत आपल्याकडे सगळीकडे चालते, आणि तुमच्यामागची कामं पाहता तसं म्हणणं सोयीचंही आहे. पण कृपया तसं करू नका. मी लिहिलेल्या पत्रात माझी भाषा येईल, माझंच मत येईल. ते माझ्या उद्देशपत्रासारखंच वाटेल, आणि निवड करणाऱ्यांना ते लगेच कळतं. त्यांना तुमची नजर हवी आहे, मलाही. पत्र वाचण्याचा हक्क मी तिन्ही अर्जांत सोडलेला आहे, म्हणजे तुम्ही काय लिहिलं ते मला कधी दिसणार नाही. मोकळेपणानं लिहा. सुधारणा कुठे हवी असा प्रश्न आला तर तेही लिहा. ग्रामसभेत उभं राहून बोलायला मला वेळ लागायचा, आणि संगणकावरचं मॉडेलिंग मी बहुतेक नोकरी करता करता शिकले, दोन्ही तुम्ही पाहिलं आहे.

मसुदा देणार नाही म्हटलं, तरी प्रसंग आठवून द्यायला हरकत नसावी. मला वाटतं, दोन गोष्टी तुम्हाला उपयोगी पडतील.

पहिली म्हणजे कऱ्हेच्या खोऱ्यातल्या त्या दोन अंजिराच्या बागा. शेजारी शेजारी विहिरी, दोन्ही जवळपास सारख्या खोल, आणि मे महिन्यात पाण्याच्या पातळीत चार मीटरचा फरक. तुमचा पहिला प्रश्न होता, 'कठड्यावरून मोजलंस की जमिनीवरून?' दोन्ही कठड्यांची उंची पुन्हा मोजून नोंदी जमिनीच्या पातळीवर आणल्या, तरी फरक तसाच राहिला. मग मी दोन्ही विहिरींच्या भिंतींवर उतरून थर नोंदवले: वर मुरूम, त्याखाली मांजऱ्या, त्याखाली गेरूची तांबडी पट्टी आणि मग टणक काळा पाषाण. थरही जुळले. तेव्हा मधून डाईक जात असणार, असं मी त्या आठवड्याच्या बैठकीत म्हटलं. तुम्ही लगेच मान्य केलं नाहीत, उपसा चाचणी करायला सांगितलीत. थ्री-फेज लाइट त्या आठवड्यात रात्रीची होती, त्यामुळे चाचणीही रात्रीच झाली. एका विहिरीवर मोटर चालू आणि दुसऱ्या विहिरीत टेप सोडून मी बसलेली. पाणी हललं नाही. 'हलत नसेल तर तेच लिही, रकाना कोरा सोडू नकोस,' असं तुम्ही फोनवर सांगितलंत. दर पाच मिनिटांनी तोच आकडा लिहिलेलं ते पान आजही माझ्याकडे आहे. त्याचा फोटो जोडते आहे.

दुसरी गोष्ट त्यानंतरची. पाण्याच्या ताळेबंदात त्या गावाचं एकच गणित मांडलेलं होतं. डाईकच्या दोन बाजूंची गणितं वेगळी करावीत, आणि नवा बंधारा जिथे सुचवला आहे तिथे झाला तर पाणी एकाच बाजूच्या विहिरींना मिळेल, हे मी टिपणात लिहिलं. तुम्ही ते टिपण पुढे पाठवलंत. ग्रामपंचायतीत मीठा बहर धरणाऱ्या शेतकऱ्यांसमोर ते समजावून सांगायलाही मलाच उभं केलंत. त्या बैठकीत बागायतदारांनी जे प्रश्न विचारले, त्यातूनच माझा पीएचडीचा विषय आला आहे.

विषय थोडक्यात असा: दख्खनच्या बेसॉल्टमध्ये डाईक आणि लाव्हाच्या दोन थरांमधले सांधे पुनर्भरणाचं पाणी कुठे अडवतात, कुठे वळवतात, आणि पाणलोटाची कामं आखताना ते आधी कसं ओळखता येईल. महाराष्ट्राचं ८० टक्क्यांहून जास्त क्षेत्र याच खडकावर आहे. तरी बंधाऱ्याची जागा आपण बहुतेक ठिकाणी ओढा आणि उतार पाहून ठरवतो, खाली खडकात काय आहे याची चौकशी नंतर होते. हे बदलावं असं मला फार वाटतं. कोरड्या प्रदेशातल्या भूजलाचा दीर्घ अभ्यास असलेला विभाग म्हणून टक्सनला माझी पहिली पसंती आहे. तिथे फील्डवर्क पुरंदरमध्येच करायची मुभा मिळेल का, हे मी तिथल्या एका प्राध्यापकांना लिहून विचारलं आहे.

खर्चाचं तुम्हाला माहीतच आहे. घरून पैसे येण्यासारखी परिस्थिती नाही. असिस्टंटशिप मिळाली तरच जाणार, कर्ज काढून नाही. प्रवेश आणि असिस्टंटशिप यांचा निर्णय एकत्रच होतो, म्हणून पत्राला इतकं महत्त्व आहे. ज्यांना असा निधी मिळतो त्यांना होकार कळवायला साधारण १५ एप्रिलपर्यंत मुदत असते. तोवर माझं इथलं काम चालूच राहील.

तुमच्याकडून एवढंच हवं आहे: पत्र देणं जमेल की नाही, हे शनिवार, १८ ऑक्टोबरपर्यंत कळवा, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत मला फॉर्म भरता येतील. वेळ नसेल, किंवा माझ्याबद्दल भक्कम लिहिता येईल असं वाटत नसेल, तर निःसंकोच नाही म्हणा. मी दुसऱ्या कुणाला विचारीन आणि मनात काही ठेवणार नाही. जमणार असेल तर कोणता ईमेल भरू, तेवढंही सांगा. १५ नोव्हेंबरला एकदा आठवण करून देईन, मग पुन्हा पुन्हा विचारणार नाही.

हवं असेल तर पुढच्या रविवारी सासवडला येऊन अर्धा तास भेटते. जुन्या नोंदवह्या घेऊन येईन, तुम्हाला काही तपासायचं असलं तर समोरच होईल. काकूंना नमस्कार सांगा.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
अश्विनी जगताप

सोबत:
१. विद्यापीठं, विभाग, अंतिम तारखा आणि नावाचं स्पेलिंग यांचा तक्ता
२. माझा बायोडेटा, दोन पानं
३. उद्देशपत्राचा कच्चा मसुदा (यावर सूचना असतील तर जरूर द्या)
४. उपसा चाचणीच्या नोंदवहीतल्या पानाचा फोटो आणि ताळेबंदावरचं टिपण
५. एमएस्सीची गुणपत्रिका, केवळ माहितीसाठी