पाठ टाचण: घरचं इंटरनेट मोजूया
इयत्ता ९ वी, आयसीटी. दोन तासिका, मध्ये शनिवार-रविवारचा गृहपाठ.

पहिल्या तासिकेत फळ्यावर दोनच शब्द: लेटन्सी म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत, थ्रूपुट म्हणजे सेकंदाला प्रत्यक्ष किती डेटा आला, Mbps मध्ये. द्वारका चौकात लेन वाढवल्या तर जास्त गाड्या जातील, पण मुंबई जवळ येणार नाही. ८ Mbps म्हणजे सेकंदाला १ मेगाबाइट, हे गणित मुलांकडूनच करून घ्यावं. इथे हमखास गोंधळ होतो.

गृहपाठ: विंडोज संगणकावर कमांड प्रॉम्प्टमध्ये

```
ping -n 20 1.1.1.1
```

लिनक्स किंवा मॅकवर `-n` ऐवजी `-c`. किमान, सरासरी, कमाल आणि हरवलेली पॅकेट वहीत लिहा. मग fast.com उघडून वेग नोंदवा. फक्त मोबाइल असेल तर fast.com पुरे, 'Show more info' दाबल्यावर लेटन्सीही दिसते. चाचणी डेटा खाते, म्हणून डेटा पॅक असलेल्यांनी एकदाच करावी.

सकाळी आणि रात्री नऊनंतर, राउटरजवळ आणि भिंतीपलीकडे मोजा. घरात कुणी व्हिडिओ पाहत असताना पुन्हा पिंग करा. खरी गंमत तिथेच आहे: राउटरमध्ये पॅकेटांची रांग लागली की लेटन्सी वाढते.

दुसऱ्या तासिकेत नोंदींचा आलेख. चर्चेचा प्रश्न: फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किमी जातो; १००० किमीवरच्या सर्व्हरचं उत्तर १० मिलिसेकंदांच्या आत येईल का?

गुण आकड्यांना नाहीत, नोंदी आणि कारणांना आहेत. ज्यांच्या घरी नेट नाही, त्यांनी संगणक कक्षात मोजावं.