सातची लोकल

तिसरीच्या मुलांसाठी. सातचा पाढा सर्वांत अवघड, कारण बेचे, पाचचे पाढे जिभेवर आपोआप चढतात, सातचा चढत नाही. म्हणून त्याला चर्चगेटहून सुटणाऱ्या धिम्या लोकलमध्ये बसवलं. माटुंगा रोडपर्यंत बरोबर दहा स्टेशनं आहेत. ताईंनी ओळ म्हणायची, पाढा मुलांनी ओरडायचा आणि दर स्टेशनाला एकानं जमिनीवर सात चिंचोके मांडायचे.

सगळे, पाय आपटत:
धडधड धडधड लोकल आली,
चढा रे चढा, घाई नको!
दर स्टेशनाला सातच चढती,
एकही जास्त बाई नको!

चर्चगेटला गाडी लागली, धरा एकमेकांचा हात,
पहिली टोळी आत शिरली,
सात एके सात!

आजी म्हणते, मरीन लाइन्सला लाटा मोठ्या औंदा,
खिडकीमधून तुषार उडले,
सात दुणे चौदा!

चर्नी रोडला मोदक बघून जीव होतो कासावीस,
बाप्पापुढे मोजून ठेवले,
सात त्रिक एकवीस!

ग्रँट रोडला कॅलेंडर बघा, फेब्रुवारीत नाही तीस,
चार आठवडे, महिना सरला,
सात चोक अठ्ठावीस!

मुंबई सेंट्रल, बडोद्याची मावशी आली वस्तीस,
पिशवीमधून फाफडा निघाला,
सात पंचे पस्तीस!

महालक्ष्मीला धोबीघाट, सदरे वाळती चाळीस,
दोन राहिले, तेही टांगले,
सात सक बेचाळीस!

लोअर परळला वडे तळले, नाकात शिरला वास,
पन्नासातला एक मी खाल्ला,
सात साती एकोणपन्नास!

(इथे गाडी सिग्नलला थांबवायचीच. निम्मा वर्ग इथे अडखळतो. बोट हलवत तीनदा म्हणा:)
पन्नास नाही, पन्नास नाही,
एक वडा माझ्या पोटात बाई!

प्रभादेवीला सिद्धिविनायक, चेहरा कसा प्रसन्न,
पाच, सहा मग सात नि आठ,
सात आठी छप्पन्न!

(आकडे ओळीनं आले: पाच-सहा म्हणजे छप्पन्न, सात-आठ त्याचं घर. फळ्यावर लिहून दाखवा, 56 = 7 × 8. मुलांचे डोळे चमकतात.)

दादर आलं, गर्दी झाली, तरी बोला स्पष्ट,
सत्तरातून सात काढा,
सात नव्वे त्रेसष्ट!

माटुंगा रोडला उतरू सारे, कोण देतं उत्तर?
चिंचोके सगळे किती झाले?
सात दाहे सत्तर!

परतीची गाडी, हळू सुरू करून जोरात. दर आकड्याला सात चिंचोके उचला:
गाडी फिरली, सात उतरले,
सत्तरचे त्रेसष्ट उरले,
छप्पन्न, एकोणपन्नास, बेचाळीस,
पस्तीस, अठ्ठावीस, एकवीस,
चौदा, सात, आलं चर्चगेट,
शून्य उरले, घरी जा थेट!