ब्रॉडबँड लाईनची प्रत्यक्ष तपासणी व बिलात वजावट मिळणेबाबत

दि. 4 ऑगस्ट 2025

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
ब्रॉडबँड ग्राहक सेवा विभाग, बेळगाव

संदर्भ: ग्राहक क्र. 40718265, तक्रार क्र. 250714-3392 (न विचारता बंद केलेली)

महोदय,

वडगावात माझं साड्यांच्या डिझाइनचं काम आहे. जॅकार्डच्या मागांसाठी काठ-पदराची डिझाइनं संगणकावर तयार करून मी मागवाल्यांना पाठवतो. त्यासाठी आपला 100 एमबीपीएसचा फायबर प्लॅन घेतला आहे, महिना 799 रुपये अधिक जीएसटी. 14 जुलैपासून या लाईनला वेग नाही. एक पदर अपलोड व्हायला लागला की मागवाल्याचा फोन येतो, "पाठवलास काय रे?" आणि इकडे पट्टी अर्ध्यावरच अडकलेली असते.

वायफायचा दोष असेल असं पुन्हा ऐकावं लागू नये म्हणून खालच्या सगळ्या चाचण्या वायफाय बंद ठेवून, राउटरला लॅपटॉप लॅन केबलने जोडून, घरातलं दुसरं कोणतंही उपकरण चालू नसताना घेतल्या आहेत.

| दिनांक व वेळ | डाउनलोड (एमबीपीएस) | अपलोड (एमबीपीएस) |
|---|---|---|
| 28 जुलै, सकाळी 11.10 | 9.4 | 1.7 |
| 29 जुलै, दुपारी 3.35 | 11.2 | 2.1 |
| 30 जुलै, रात्री 10.05 | 8.8 | 1.5 |
| 1 ऑगस्ट, पहाटे 5.20 (पाऊस) | 6.3 | 0.9 |

संध्याकाळी सगळे एकदम नेट वापरतात म्हणून वेग पडतो, हे आपल्या कॉल सेंटरचं नेहमीचं उत्तर. पहाटे सव्वापाचला वडगावात कोण पिक्चर बघतं? त्याच वेळचा आकडा सगळ्यात खराब आहे. शिवाय आमच्या शेजारच्या घरी आपलीच लाईन, हाच प्लॅन आणि खांबावरची पेटीही तीच. तिथे याच लॅपटॉपवर 94 मिळाले. म्हणजे पेटीपर्यंत सगळं ठीक आहे. बिघाड पेटीतून माझ्या घरात येणाऱ्या वायरीत किंवा तिच्या जोडांत असला पाहिजे.

याला आणखी एक आधार आहे. कनेक्शन देताना आपल्या माणसाने कागदावर Rx Power -19.4 डीबीएम लिहून दिलं होतं. आता ओएनटीच्या पानावर तेच -28.4 दिसतं. 9 डीबीचा फरक म्हणजे पूर्वीच्या सुमारे आठव्या हिश्शाएवढाच प्रकाश घरापर्यंत पोचतोय. या उपकरणांना साधारण -27 पर्यंतच नीट चालता येतं. पाऊस आला की LOS चा लाल दिवाही मधूनमधून लुकलुकतो.

मंगाई यात्रेच्या वेळी गल्लीत मंडपाचे बांबू आणि लायटिंग खांबाला बांधलं होतं. तेव्हापासून आमची वायर कौलाच्या कोपऱ्यावर घासत खाली लोंबते आणि तिथे तिला बारीक वाक पडला आहे. तिथेच दोष आहे असं मी छातीठोक सांगत नाही, पण बघायला सुरुवात तिथून करावी.

आपल्याकडून एकदा माणूस येऊन गेला. त्याने शिडी आणली नव्हती, पॉवर मीटरही नव्हता. उंबऱ्यात उभं राहून मोबाईलवर टेस्ट घेतली, वायफायचा चॅनेल बदलला आणि तो गेला. संध्याकाळी "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे" असा मेसेज आला. फोन केला की कन्नडमध्ये बोला नाहीतर हिंदीत, उत्तर एकच: राउटर बंद करून चालू करा.

तरी माझी मागणी अशी. पॉवर मीटर आणि जोडणीचं मशीन घेऊन जाणकार माणूस पाठवावा. पेटीत आणि घरात, दोन्हीकडचं मोजमाप माझ्यासमोर घ्यावं व लेखी द्यावं. वायर खराब असेल तर ती बदलावी, नुसता जोड मारून चालणार नाही. आणि मी लॅन केबलवर चाचणी घेऊन होकार देईपर्यंत तक्रार बंद करू नये.

बिलाचं म्हणाल तर जुलैचं पूर्ण बिल, 942.82 रुपये, मी भरलं आहे. थकबाकीचं कारण पुढे येऊ नये म्हणून. 14 ते 31 जुलै या 18 दिवसांचं भाडं 463.94 आणि त्यावरचा जीएसटी 83.51, असे 547.45 रुपये पुढच्या बिलात वजा करावेत. ऑगस्टचे दिवसही लाईन दुरुस्त होईपर्यंत याच दराने धरावेत. नेट अगदीच बंद नव्हतं, हे मला मान्य आहे. पण शंभराचे पैसे घेऊन दहा देणं ही सेवा म्हणता येणार नाही.

सोमवार, 11 ऑगस्टपर्यंत कार्यवाही झाली नाही, तर ट्रायच्या 2012 च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे आपल्या कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे मी अपील करणार आहे. त्यासाठी या पत्राचा नवा तक्रार क्रमांक माझ्या नोंदणीकृत मोबाईलवर पाठवावा. मी सकाळी 10 ते संध्याकाळी 6 घरीच असतो. येण्याआधी फोन केला तर शेजाऱ्यांकडून शिडी आणून ठेवीन.

आपला,
परशराम य. सुतार
विष्णू गल्ली, वडगाव, बेळगाव 590005

सोबत: चारही चाचण्यांचे स्क्रीनशॉट, ओएनटीच्या पानाचा फोटो, कनेक्शनच्या वेळच्या कागदाची झेरॉक्स, लोंबणाऱ्या वायरीचे दोन फोटो, जुलैचं बिल व पावती.