हो, पेजिंगचं तुझं एक्सप्लेनेशन बरोबर आहे, फक्त दोन ठिकाणी अडकलायस

तुझ्या नोट्स वाचल्या रे सगळ्या. मूळ गोष्ट तुला बरोबर कळलीय: प्रोग्रॅमला दिसतो तो व्हर्च्युअल अ‍ॅड्रेस, खऱ्या रॅमचा नाही, आणि कुठला आकडा रॅममध्ये कुठे जातो हे लिहिलेलं पेज टेबल प्रत्येक प्रोसेसचं वेगळं असल्यामुळे तोच आकडा दोन प्रोसेसमध्ये दोन वेगळ्या जागी जातो. अगदी हेच.

तुझंच उदाहरण आकड्यांनिशी करून बघू. समज अ‍ॅड्रेस आहे `0x401a2c`. पेज, म्हणजे मेमरीचा ठराविक आकाराचा तुकडा, ४ केबीचं, म्हणून खालचे १२ बिट ऑफसेट, म्हणजे त्या तुकड्यातली जागा, हेक्समध्ये शेवटचे तीन अंक, `a2c`. ते बदलत नाहीत. उरलेला `0x401` हा पेज नंबर, टेबलात शोधायचा तो हा. पहिल्या प्रोसेसच्या टेबलात त्याच्यासमोर फ्रेम, म्हणजे रॅममधला पेजएवढाच तुकडा, `0x7f3` लिहिली असेल तर खरा अ‍ॅड्रेस झाला `0x7f3a2c`, दुसरीच्या टेबलात `0x1b0` असेल तर `0x1b0a2c`. संपलं.

आता जिथे अडकलायस ते. तू लिहिलंयस की 'ओएस प्रत्येक अ‍ॅड्रेस तपासते आणि दुसऱ्याचा असेल तर अडवते.' नाही. तसं असतं तर मशीन रांगत चाललं असतं. व्हर्च्युअलचं खऱ्या पत्त्यात भाषांतर करतं हार्डवेअर, सीपीयूमधलं एमएमयू, आणि तेही दरवेळी टेबलात जात नाही, नुकतीच झालेली भाषांतरं टीएलबीमध्ये ठेवलेली असतात तिथूनच बहुतेक वेळा काम भागतं. ओएस फक्त टेबल भरून ठेवते आणि एमएमयू अडलं, म्हणजे पेज फॉल्ट झाला, की मधे पडते. तोसुद्धा दरवेळी एरर नसतो हां, पेज अजून रॅममध्ये आणलेलंच नसेल तर कर्नल आणून देतो आणि तीच इन्स्ट्रक्शन परत चालते, प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही. म्हणूनच लिनक्सवर `malloc` ने १ जीबी मेमरी मागितलीस तरी रॅम लगेच जात नाही, पेजला हात लावशील तशी एकेक फ्रेम मिळत जाते. अ‍ॅड्रेसला कसलंच मॅपिंग नसेल, किंवा परवानगी नसलेल्या पेजवर लिहायला गेलास, तर मात्र सेगमेंटेशन फॉल्ट.

आणि 'अडवते' हा शब्दच मला खटकला. शेजारच्या प्रोसेसची मेमरी दाराला कुलूप लावून ठेवलेली नाहीये, तुझ्या बाजूने तिथे दारच नाहीये. तू कुठलाही आकडा लिही, तो तुझ्याच टेबलातून जाणार, आणि तिथे तिच्या खाजगी फ्रेमची नोंदच नाही. प्रोसेस बदलताना कर्नल सीपीयूच्या एका रजिस्टरमध्ये दुसऱ्या टेबलाचा पत्ता टाकतो (इंटेल-एएमडीवर `CR3`) आणि त्या क्षणापासून सगळ्या आकड्यांचा अर्थच बदलतो. कुलूपवाली गोष्ट कर्नलच्या पेजेसना लागू होते, ती पेजेस टेबलात असली तरी त्यांच्यावर यूजर मोडला मनाई असा बिट असतो.

स्वतः बघायचं असेल तर हे चालव:

```c
#include <stdio.h>
#include <unistd.h>
int x = 5;
int main(void) {
    if (fork() == 0) x = 99;
    printf("%p %d\n", (void *)&x, x);
}
```

`fork` मुळे प्रोसेसची एक प्रत, चाइल्ड, तयार होते, म्हणून दोन ओळी येतील, अ‍ॅड्रेस तोच, आकडे ५ आणि ९९. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं प्रिंटच चुकलंय! `fork` नंतर दोघांच्या टेबलात आधी तीच फ्रेम असते पण रीड-ओन्ली करून ठेवलेली, चाइल्डने `x` वर लिहिलं की फॉल्ट होतो, कर्नल त्या पेजची कॉपी करून चाइल्डच्या टेबलात नवीन फ्रेम लावतो. कॉपी-ऑन-राइट म्हणतात ते हेच.

यातच तुझी दुसरी चूक निघते, 'प्रायव्हेट म्हणजे काहीच शेअर नसतं' ही. दोन टेबलांनी एकाच फ्रेमकडे बोट दाखवायला कोणाची ना नाही, फक्त ते कर्नलने जाणूनबुजून केलेलं असतं. सी लायब्ररीचा कोड शंभर प्रोसेस वापरत असल्या तरी रॅममध्ये साधारण एकदाच असतो.

हां, आणि तू विचारलंस की टेबल सरळ एक लांब अ‍ॅरे का नाही. हिशोब कर: ४८ बिटच्या अ‍ॅड्रेसमधून १२ गेले, उरले ३६, म्हणजे २ चा ३६ वा घात इतक्या नोंदी, प्रत्येकी ८ बाइट, झाले ५१२ जीबी, एका प्रोसेसला, नुसतं टेबल! म्हणून एका टेबलाऐवजी चार पायऱ्या, वरची खालच्या टेबलाचा पत्ता देणारी, प्रत्येकीला ९ बिट, म्हणजे एका टेबलात ५१२ नोंदी. ५१२ नोंदी गुणिले ८ बाइट म्हणजे ४०९६, बरोब्बर एक पेज, आणि जो भाग वापरातच नाही त्याची खालची टेबलं बनवायचीच नाहीत.

ते 'ओएस तपासते'वालं आणि 'काहीच शेअर नसतं'वालं, एवढी दोन वाक्यं बदल, बाकी तुझ्या नोट्स आहेत तशाच ठेव.