विषय: लॅब केमिस्ट पदाची पुन्हा आलेली जाहिरात आणि माझा जुलैमधील अर्ज (क्र. ४१७)

मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग
यांस सविनय नमस्कार,

आपल्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतील लॅब केमिस्ट पदासाठी मी ९ जुलै २०२५ रोजी पोर्टलवर अर्ज केला होता. अर्ज क्रमांक ४१७ असून त्यापुढे आजही 'छाननी सुरू' असेच दिसते. २ सप्टेंबरला हीच जागा पुन्हा जाहीर झाली आहे. पदाचे नाव आणि पदसंकेत तोच, पण अटी बदलल्या आहेत. म्हणून विचारायचे आहे, की माझा जुलैचा अर्ज नव्या जाहिरातीसाठी धरला जाणार आहे की मी नव्याने अर्ज करायचा?

नव्याने करावा म्हटले तर पोर्टल घेत नाही. 'या पदासाठी आपला अर्ज आधीच नोंदवला आहे' एवढेच दाखवते. जुना अर्ज मागे घेण्याचे बटण आहे, पण ते मी मुद्दाम दाबलेले नाही. जुना रद्द झाला आणि नवा काही कारणाने स्वीकारला गेला नाही, तर हातात काहीच राहणार नाही. शेवटची तारीख १५ सप्टेंबर आहे, त्याआधी आपल्याकडून खुलासा झाला तर बरे होईल.

बदललेल्या अटींबद्दल माझी स्थिती मांडतो, म्हणजे आपल्याला पुन्हा फाइल उघडून बघावी लागणार नाही. बी.एस्सी. रसायनशास्त्र ही अट आधीचीच आहे. अनुभव आधी एका हंगामाचा मागितला होता, आता दोन हंगामांचा आहे. सातारा जिल्ह्यातील एका कारखान्यात २०२३-२४ आणि २०२४-२५ असे दोन्ही हंगाम मी शिफ्ट केमिस्ट म्हणून पूर्ण केले आहेत. मात्र अर्ज केला तेव्हा दुसऱ्या हंगामाचा अनुभवाचा दाखला हातात आला नव्हता, त्यामुळे अर्जाला पहिल्याच हंगामाचा जोडलेला आहे. छाननीत मी एकाच हंगामाचा उमेदवार दिसेन, ही माझी मुख्य काळजी. दुसरा दाखला या मेलसोबत पाठवत आहे. तो अर्ज क्र. ४१७ ला जोडून घेता येईल का?

डिस्टिलरी प्रयोगशाळेच्या कामाची माहिती ही अट मात्र पूर्ण नवीन आहे, आणि तिथे माझी बाजू अर्धीच आहे. मिश्र रस, सिरप, मॅसेक्विट यांचे ब्रिक्स, पोल, प्युरिटी हे माझे रोजचे काम. डिस्टिलरीकडे जाणाऱ्या बी-हेवी मोलॅसिसचे नमुनेही आमच्याच शिफ्टमध्ये व्हायचे. त्याचे ब्रिक्स आणि फेहलिंग द्रावणावर टायट्रेशन करून एकूण रिड्यूसिंग शुगर मी स्वतः काढलेली आहे. फर्मेंटेशन झालेल्या वॉशमधील अल्कोहोलचे प्रमाण काढताना पाहिले आहे, पण ते काम स्वतंत्रपणे माझ्याकडे नव्हते. एवढी माहिती आपल्याला पुरेशी वाटते, की डिस्टिलरीत नेमणूक झालेलाच उमेदवार हवा आहे? तसे असेल तर स्पष्ट कळवावे, मला वाईट वाटणार नाही. इथेनॉल वाढल्यापासून कारखान्यांना दोन्हीकडे चालणारा माणूस लागतो, हे आम्हालाही दिसते आहे.

आणखी एक बदल. जुलैच्या जाहिरातीत पद 'कायम' होते, आता 'हंगामी' लिहिले आहे. माझा अर्ज कायम पदासाठीचा होता. तो हंगामी पदासाठी धरायचा असेल तर माझी हरकत नाही, पण बिगरहंगामात रिटेन्शन भत्ता मिळणार का, आणि पुढे कायम होण्याची काही तरतूद आहे का, हे मुलाखतीआधी समजले तर घरी बोलून ठरवता येईल. पलूसहून रोज येऊन-जाऊन शिफ्ट करता येईल, त्यामुळे राहण्याच्या खोलीची मागणी नाही.

घाई एवढ्यासाठी करतो आहे, की सध्याच्या कारखान्याचे हंगामावर हजर होण्याचे पत्र आले आहे आणि त्यांना महिनाअखेरपर्यंत होकार-नकार कळवायचा आहे. बॉयलर अग्निप्रदीपन झाल्यावर शिफ्टचे वेळापत्रक लागते. मग मधेच सोडून जाणे मला जमणार नाही आणि त्यांनाही ते अडचणीचे होईल. आपल्याकडे माझा विचार होणार असेल तर तिकडे तसे सांगून थांबता येईल.

फोनवर बोलणे सोयीचे असेल तर अर्जातील मोबाइल नंबर तोच आहे. दुपारी दोननंतर केव्हाही चालेल. प्रत्यक्ष यायला सांगितलेत तर मूळ कागदपत्रे घेऊन येईन.

सोबत: २०२४-२५ हंगामाचा अनुभवाचा दाखला, अर्ज क्र. ४१७ ची पोच.

आपला विश्वासू,
सचिन
पलूस, जि. सांगली
५ सप्टेंबर २०२५