तंट्याचे स्वरूप

तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षांनी रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. "बाई, तुमी मराठीच्या मास्तरीण. हा रकाना तुमीच भरा." रकान्यावर छापलं होतं : तंट्याचे स्वरूप. ग्रामपंचायतीच्या त्या खोलीत दादा खुर्चीवर बसला होता, धाकटा भाऊ गजू भिंतीला टेकून उभा होता आणि माय उंबऱ्याजवळ पदर घट्ट धरून. मी पेन उघडलं. शाळेत पोरांना भांडणाला दहा समानार्थी शब्द लिहून देते मी. इथं त्यातला एकही हाताला येईना.

बाबा जाऊन दोन वर्षं झाली. दारव्ह्याच्या अलीकडं आमचं सहा एकर वावर आहे, मधोमध विहीर आणि धुऱ्यावर बाबांनी लावलेलं बाभळीचं झाड. पहिल्या उन्हाळ्यात मायला फोन केला की ती म्हणायची, "काई नाई व, पाण्याच्या पाळीवरून जराशी कुरबुर हाय." कुरबुर हा फार लहान शब्द आहे. कोठ्यात उंदीर फिरला तर ऐकू येईल तेवढाच त्याचा आवाज, म्हणून मीही लक्ष दिलं नाही. दिवाळीला गेले तेव्हा दोन चुली झाल्या होत्या. मोठी वहिनी भांडं ठेवताना जरा जास्त जोरानं ठेवायची, धाकटी अंगण झाडताना अर्धंच झाडायची. कोणी कोणाला बोलत नव्हतं. याला धुसफूस म्हणतात. ओल्या लाकडाची चूल जशी धुराडत राहते, जाळ दिसत नाही, पण घरातल्या सगळ्यांचे डोळे चुरचुरतात.

माय तेव्हाही म्हणाली, "भांडन नाई बाप्पा. भावाभावात चालते."

पोळ्याच्या दिवशी ते ओठाबाहेर आलं. बैलजोडी तोरणात कोणी न्यायची, एवढाच प्रश्न होता. बाबा असेपर्यंत तो कधी उठलाच नव्हता. दादानं बैलांच्या शिंगांना वार्निश लावून ठेवलं होतं, गजूनं नवीन झूल आणली होती. दारात दोघांची बाचाबाची झाली. शब्दाला शब्द लागत गेला, शेजारचे थांबून बघायला लागले. शेवटी बैल दोघांनीही नेले नाहीत. सजवलेली जोडी संध्याकाळपर्यंत खुंट्यालाच राहिली आणि मायनं एकटीनं त्यांना पुरणाची पोळी चारली. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही.

पुढच्या पेरणीत धुरा कोरला गेला. दादा म्हणतो ट्रॅक्टरवाल्याची चूक, गजू म्हणतो मुद्दाम. दोन तासांची जमीन, म्हणजे हातभर रुंदीची पट्टी. तिथं उभं राहून दोघे अरेतुरेवर आले. "तुवा काय केलं बाबासाठी? दवाखान्यात रात्री मी बसलो." "अन् पैसा कोनाचा होता?" ही हमरीतुमरी. भांडण जमिनीवरून माणसावर येतं ते या शब्दापाशी. बाचाबाचीपर्यंत विषय धुऱ्याचा होता, इथून पुढं तो बाबांच्या आजारपणाचा झाला, जुन्या कर्जाचा झाला, गजूच्या लग्नात कमी पडलेल्या सोन्याचा झाला. मग गजूनं बैल हाकायची तुतारी उचलली. दादाच्या खांद्यावर उमटलेला वळ मी पाहिला आहे. त्या दिवशी मात्र मायनं लहान शब्द वापरला नाही. फोनवर नुसती रडली.

माझी गोष्ट यात कुठं बसते, हे मला या रजिस्टरासमोर कळलं.

बाबांच्या जागी वारसांची नोंद करायचा अर्ज दिला गेला त्यात दोनच नावं होती, दोघा भावांची. मायचंही नव्हतं. मला हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावलं. बहिणी करतातच ती सही, आमच्या गावात तर विचारतसुद्धा नाहीत, साडी-चोळी करून पाठवतात. मी केली नाही. कायद्यानं 2005 साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असण्याचीही अट नाही. आमच्या घरचा हिशेब तर सोपा होता : माय, दोन भाऊ, एक बहीण, चौघांना सारखं, दीड-दीड एकर. फेरफाराची नोटीस निघाल्यावर मी मुदतीत लेखी हरकत घेतली, तेव्हा ती नोंद गाव नमुना 6-अ मध्ये गेली. त्या वहीचं नाव विवादग्रस्त प्रकरणांची नोंदवही.

घरी मात्र माझ्या हरकतीला कोणी वाद म्हटलं नाही. भावाभावांचं होतं ते भांडण होतं, झगडा होता, गावानं त्याला तंटा म्हटलं. माझा तो हट्ट. "ताईचा हट्ट हाय." "शिकलेली हाय नं, हुज्जत घालते." दीड वर्ष एकमेकांचं तोंड न पाहणारे माझे भाऊ हे बोलताना पहिल्यांदा एका बाजूला बसले. हुज्जत या शब्दाचा अरबीतला मूळ अर्थ पुरावा, दाखला असा आहे. माझ्याजवळ दाखला होताच. तरी त्या रात्री मी फार रडले.

मधल्या काळात एक वकील सुचवणारा माणूस दादाकडं येऊन गेला, दुसरा गजूकडं. मला कज्जेदलाल हा जुना शब्द आठवला. कज्जा कोर्टात जातो आणि तिथून तो घरच्या माणसांचा राहत नाही, तारखांचा होतो. गजूनं बोअरसाठी जमवलेले पैसे पहिल्या फीसाठी काढले, हे कळलं त्या दिवशी मीच दोघांना फोन केला आणि तंटामुक्ती समितीपुढं बसू म्हटलं. 2007 पासून गावोगाव या समित्या आहेत. दादा तीन दिवस फोन उचलत नव्हता. चौथ्या दिवशी म्हणाला, "ये."

"लिवलं का बाई?" अध्यक्षांनी विचारलं.

मी लिहिलं : वाटणीवरून भाऊबंदकी. आणि तिथंच थांबले. गावात सगळे हाच शब्द वापरतात, मीही वर्गात वापरते. पण त्या शब्दात भाऊच आहेत. बहिणीला उभं राहायला त्यात जागा नाही, मायला तर नाहीच. मी ते खोडलं आणि खाली सावकाश लिहिलं : आई, दोन भाऊ व एक बहीण यांच्यातील सहा एकर शेतीच्या वाटणीचा वाद.

दादानं रजिस्टर ओढून वाचलं. बराच वेळ बोट "एक बहीण" या शब्दांवर होतं. काही बोलला नाही, रजिस्टर गजूकडं दिलं. गजूनं वाचलं आणि खाली बसला.

"मले वाचून दाखव," माय म्हणाली.

मी वाचलं.

"माह्यं बी नाव हाय काय त्याच्यात?"

"हाव माय. पहिलंच."

तिनं पदर सोडला, उंबऱ्यावरून उठून आत आली आणि दोघा पोरांच्या मधल्या खुर्चीवर बसली.

"मंग इहिरीचं बी लिव," ती म्हणाली. "पाळी ठरल्याबिगर इथून कोनी उठाचं नाई."